मुगाचा कोंब तासाला किती वाढतो? टाइमलॅप्स लावण्याआधीची तयारी

विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडते आणि जुलैत पाऊस धरला, की आठवी-नववीच्या पोरांना रोपांच्या वाढीचा प्रयोग द्यायला चांगली वेळ असते. कोंब वर येतानाचा व्हिडिओ कोणालाही काढता येतो आणि तो छानच दिसतो. पण त्यातून ‘तासाला इतके मिलिमीटर’ असा आकडा हवा असेल, तर तो आकडा बटण दाबण्याआधी मांडणीतच ठरलेला असतो. एकदा रेकॉर्डिंग सुरू झालं, की चुकीच्या जागी लावलेली पट्टी मागून दुरुस्त करता येत नाही.

आधी बी ठरवा. माझं मत सरळ मुगाच्या बाजूने आहे. तूर आणि हरभऱ्याची बीजपत्रं मातीतच राहतात. मुगाची मात्र खालच्या दांडीसोबत वर येतात. त्यामुळे मोजायला एक स्पष्ट खूण मिळते: बीजपत्रं दांडीला जिथे चिकटलेली असतात तो सांधा. पेरणीसाठी औषध लावलेलं रंगीत बियाणं पोरांच्या हाती देऊ नका. घरातला अख्खा मूग घ्या, रात्रभर भिजवा, ओल्या फडक्यात बांधून मोड आणा आणि मोड सारख्या लांबीचे झालेले दाणे निवडा. असे निवडलेले दाणे जवळपास एकाच वेळी वर येतात, आणि न उगवणाऱ्या दाण्यासमोर कॅमेरा दिवसभर उभा राहत नाही. तीन कप लावा, प्रत्येकात एकच दाणा, सुमारे एक सेंटीमीटर खोल.

माती वावरातली आणायचा मोह होईल, पण आपली काळी माती या कामाला वाईट. पाणी मिळालं की ती फुगते, वाळली की बसते आणि भेगा पडतात. म्हणजे ज्या पातळीपासून उंची मोजायची ती पातळीच दिवसभर वरखाली होते. नाल्यातली धुतलेली वाळू आणि चाळलेलं शेणखत निम्मं-निम्मं मिसळा, कपाच्या बुडाला भोकं पाडा आणि तिन्ही कप एका पसरट थाळीत ठेवा. पाणी थाळीत घालायचं, वरून नाही. वरून ओतताना कप हलतो, वाळू उडते आणि दाणा सरकतो. माती कुठलीही असली, तरी शून्याची रेघ मातीवर धरू नका. कपाच्या काठावर धरा. काठ फुगत नाही. थाळीखाली चार विटा आणि विटांभोवती पाण्याचं मोठं घमेलं, इतकं केलं की मुंग्या चढत नाहीत. उंदरांसाठी मात्र खोलीचं दारच नीट बंद व्हायला हवं. मोड आलेला मूग त्यांनाही आवडतो.

आता पट्टीकडे वळू, कारण सगळ्यात जास्त आकडे इथेच बिघडतात. बहुतेक जण मागच्या भिंतीवर किंवा पुठ्ठ्यावर पट्टी चिकटवतात. फोन रोपापासून २२ सेंटीमीटरवर, म्हणजे मोठ्या माणसाच्या वीतभर अंतरावर आहे आणि पट्टी रोपाच्या साडेचार सेंटीमीटर मागे आहे असं धरा. मागची वस्तू लहान दिसते, म्हणून पट्टीवरचा सेंटीमीटर चित्रात आखूड येतो आणि रोप त्या मानाने उंच दिसतं. २६.५ भागिले २२ केलं, की सुमारे १.२ येतात. म्हणजे खरं १५ मिलिमीटरचं रोप १८ मिलिमीटर भरेल आणि वाढीचा वेगही तितकाच, २० टक्क्यांनी, फुगलेला निघेल. पोरं आकडे अगदी काळजीपूर्वक घेतील आणि तरी उत्तर चुकेल. म्हणून पट्टी कपातच रोवा, दाण्याच्या अगदी बाजूला, कॅमेऱ्यापासून दाण्याइतक्याच अंतरावर. मोठी पट्टी कपात मावत नसेल, तर खराट्याच्या सरळ काडीवर सेंटीमीटरच्या खुणा काळ्या मार्करने करून घ्या.

तिच्यासोबत आणखी एक काडी लागते, ती न वाढणारी. खराट्याची दुसरी काडी कपाच्या काठावर बरोबर ५० मिलिमीटर उरेल अशी रोवायची. ही काडी वाढू शकत नाही. तरी पहिल्या फोटोत ती ५० आणि तिसऱ्या दिवशी ५३ भरली, तर कॅमेरा सरकला, फोकस बदलला किंवा काडी कलली, आणि तितकीच चूक रोपाच्या आकड्यातही असू शकते. रोपाबद्दल शंका आली, की आधी काडीकडे पाहायचं.

फोन उभा करून विटांच्या खाचेत बसवा आणि चिकटपट्टीने घट्ट करा. लेन्स कपाच्या काठाच्या सहा-सात सेंटीमीटर वर, म्हणजे रोप जिथपर्यंत वाढणार त्याच्या साधारण मध्यावर हवी. खालून किंवा वरून पाहणारा फोन उंची तिरकी मोजतो. रोप चौकटीच्या मधल्या भागात असू द्या, कारण कडेला लेन्स प्रतिमा ताणते. मागे काळा किंवा गडद निळा पुठ्ठा लावा, म्हणजे फिकट दांडी उठून दिसते. फोन फ्लाइट मोडवर टाका आणि चार्जरला लावून ठेवा. लाइन जाते तेव्हासाठी पॉवर बँक मध्ये जोडा. टिनाच्या खोलीत दुपारी फोन तापून बंद पडतो, म्हणून स्लॅबची किंवा कवेलूची खोली शोधा. पंखा बंद ठेवा. डोलणाऱ्या कोंबाचा टोकबिंदू फोटोत पसरतो.

फोनचा तयार टाइमलॅप्स मोड मला या कामात आवडत नाही. रेकॉर्डिंग लांबलं, की काही फोन आपोआप दोन चित्रांमधलं अंतर वाढवतात, आणि मग व्हिडिओतल्या एका सेकंदाला खऱ्या किती मिनिटांचं म्हणायचं ते कळत नाही. त्याऐवजी ठरावीक वेळाने फोटो काढणारं अ‍ॅप घ्या. Open Camera मोफत आहे आणि त्यात हे जमतं. अंतर १० मिनिटांचं ठेवा. दिवसाला १४४ फोटो, पाच दिवसांत ७२०. सेकंदाला ३० फोटो या वेगाने जोडले, तर २४ सेकंदांचा व्हिडिओ होतो आणि त्यातला एक सेकंद म्हणजे खरे पाच तास. हा हिशेब एकही फोटो चुकला नाही तरच खरा, आणि आपल्याकडे लाइन जातेच. म्हणून चौकटीच्या कोपऱ्यात काट्यांचं घड्याळ ठेवा आणि रोज सकाळी त्याशेजारी तारखेची चिठ्ठी बदला. वेळ घड्याळावरून वाचायची, चित्रं मोजून नाही. फोकस आणि एक्स्पोजर लॉक करायला विसरू नका. नाही तर प्रत्येक फोटोत उजेड वेगळा पडतो आणि फोकस बदलला की प्रतिमेचा आकारही किंचित बदलतो.

उजेडाचा निर्णय आधी घ्या, कारण तो फक्त फोटोपुरता नसतो, रोपाच्या वाढीतही ढवळाढवळ करतो. अंधारात दांडी जास्त वेगाने लांबते आणि उजेड एका बाजूने आला, तर ती तिकडे वाकते. वाकलेल्या दांडीची उंची थांबल्यासारखी दिसते, पण लांबी वाढतच असते. म्हणून एलईडी बल्ब बरोबर डोक्यावर टांगा, खिडकीला कपडा लावा आणि बल्ब दिवसरात्र चालू ठेवा. इन्व्हर्टर बल्ब असेल तर उत्तम. लाइन गेली तरी तो काही तास पुरतो. रात्री लाइन गेली आणि बल्बही विझला, तर नुसते काळे फोटो मिळत नाहीत, त्या तासांत रोपही वेगळ्या वेगाने वाढतं. ते तास वहीत लिहा आणि वेगाच्या हिशेबातून वगळा. एक साधा थर्मामीटरही चौकटीत लावा, कारण मुगाचा वेग तापमानाबरोबर बदलतो आणि पावसाळी थंड दिवस आकड्यात दिसतोच.

सगळं मांडून झालं, की बी न लावता एक रात्र नुसत्या काड्यांचे फोटो काढू द्या. सकाळी पहिल्या आणि शेवटच्या फोटोत काडी मोजा. फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आत असेल, तरच मोड आलेला मूग लावा.

मोजायला संगणकावर ImageJ हा मोफत प्रोग्रॅम चालतो: `Analyze > Set Scale` मध्ये पट्टीवरचे १० सेंटीमीटर किती पिक्सेल आहेत ते सांगायचं आणि मग दांडीवर रेघ ओढून `M` दाबायचं. दांडी वाकलेली असेल, तर तुटक रेघेचं साधन वापरून वळणावळणाने मोजा. संगणक नसेल, तर फोनच्या पडद्यावर फोटो मोठा करून त्याच पडद्यावर पट्टीचे १० सेंटीमीटर आणि रोप, दोन्ही प्लास्टिकच्या पट्टीने मोजा आणि गुणोत्तर काढा. मात्र दोन्ही मापांच्या मध्ये झूम बदलायचा नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा पट्टीचे १०० मिलिमीटर म्हणजे ६४० पिक्सेल. मग एक पिक्सेल सुमारे ०.१६ मिलिमीटरचा. सकाळी ८ वाजता दांडी ९६ पिक्सेल, म्हणजे १५ मिलिमीटर. दुपारी २ वाजता १२८ पिक्सेल, म्हणजे २० मिलिमीटर. सहा तासांत ५, तर तासाला ०.८३ मिलिमीटर. आता हाताने रेघ ओढताना तीन पिक्सेल इकडेतिकडे होतातच. ती अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली, आणि दोन मापं म्हणजे वाईटात वाईट एक मिलिमीटर. म्हणून या ५ मध्ये एकाची शंका आहे. हाच वेग १० मिनिटांच्या दोन शेजारच्या फोटोंमधून काढायला गेलात, तर वाढ ०.१४ मिलिमीटर, म्हणजे एका पिक्सेलपेक्षाही कमी, आणि चूक तिच्या सातपट. पोरं असा आलेख काढतात तेव्हा रेघ करवतीच्या दातांसारखी वरखाली जाते आणि रोप मधूनच आखूड झाल्यासारखं दिसतं. १० मिनिटांचे फोटो व्हिडिओ सलग दिसावा आणि नेमकी वेळ सापडावी म्हणून घ्यायचे. वेग मात्र सहा किंवा बारा तासांच्या अंतराचाच काढायचा. व्हिडिओतली चित्रं मोजण्यापेक्षा मूळ फोटो मोजणं चांगलं. १०८० पी व्हिडिओत उभी बाजू १९२० पिक्सेलची असते, तर १२ मेगापिक्सेल फोटोत सुमारे ४०००, म्हणजे त्याच रोपाला दुपटीहून जास्त पिक्सेल मिळतात.

एक उडी मात्र मांडणी कितीही नीट असली तरी येणार. मूग मातीतून डोकं खाली घालून, आकड्यासारखा वाकून वर येतो आणि नंतर सरळ होतो. तो सरळ होतानाच्या तासांत टोक भराभर वर जातं, पण त्यातली बरीच उंची वाढीची नसते, नुसती उलगडण्याची असते. तोपर्यंत कमानीच्या वरच्या टोकापर्यंत मोजत असाल आणि पुढे बीजपत्रांच्या सांध्यापर्यंत, तर दोन्ही आकडे एका रेघेने जोडू नका. कमान कधी उघडली ती वेळ व्हिडिओत पाहून लिहून ठेवा, आलेखात तिथे उभी रेघ मारा आणि वेग त्या रेघेनंतरचाच सांगा. तिन्ही कपांचे वेग शेजारीशेजारी लिहा. सरासरी त्यानंतर काढायची, म्हणजे एखादं मागे पडलेलं रोप सरासरीत लपून जात नाही. मूळ फोटो आलेख तपासून होईपर्यंत फोनमधून पुसू नका; पाच दिवसांचे मिळून साधारण दोन जीबी होतात, तेवढी जागा आधीच मोकळी करून ठेवा.