‘आधीसारखंच पुढे चालू ठेव’: नव्या चॅटमध्ये या चुका टाळा

पाण्याच्या पंपाच्या माहितीपुस्तिकेचा मराठी अनुवाद करायचा होता. एकूण 14 भाग. एआय चॅटबॉटच्या मदतीने, एकाच चॅटमध्ये, तीन संध्याकाळी बसून सहा भाग झाले. चौथ्या दिवशी मी नवं चॅट उघडलं, ‘आधीसारखंच पुढे चालू ठेव’ असं लिहिलं आणि सातव्या भागाचा इंग्रजी मजकूर खाली चिकटवला.

अनुवाद लगेच आला, वाचायलाही बरा होता. तासाभराने सगळे भाग एकाखाली एक लावले तेव्हा गडबड दिसली. पहिल्या सहा भागांत ‘झडप’ होती, सातव्यात ‘व्हॉल्व्ह’ झाला होता. आधी ‘बटण दाबा’ असं होतं, आता ‘बटण दाबावे’. धोक्याच्या सूचना आम्ही ‘सावधान:’ या शब्दाने सुरू करत होतो, तिथे ‘टीप’ आली होती. वाक्य म्हणून चुकीचं एकही नव्हतं, पण पुस्तिका दोन माणसांनी एकमेकांशी न बोलता लिहिल्यासारखी वाटत होती.

असं का होतं, ते एकदा समजलं की पुढच्या चुका आपोआप कळतात. चॅटबॉटच्या मागचं मॉडेल दोन संदेशांच्या मधल्या काळात काहीच लक्षात ठेवत नाही. आपण संदेश पाठवतो तेव्हा ॲप त्या चॅटमधलं आधीचं बोलणंही सोबत जोडून मॉडेलकडे पाठवतं, आणि मॉडेल ते नव्याने वाचून उत्तर देतं. नव्या चॅटमध्ये जोडायला मागचं काही नसतंच. ‘आधीसारखं’ हा शब्द पोहोचतो, ‘आधी’ पोहोचत नाही. मग मॉडेल समोरच्या मजकुरावरून अंदाज बांधतं, आणि तो अंदाज आहे हे दरवेळी सांगतंच असं नाही. मी सातव्या भागाचा मजकूरही चिकटवला नसता, तर कदाचित ‘आधीचा मजकूर द्या’ अशी विचारणा झाली असती आणि मी वाचलो असतो. अर्धवट माहिती दिली, म्हणून चूक झाकली गेली.

काही ॲप्समध्ये ‘मेमरी’ असते, काही जुन्या चॅटमध्ये शोधूही शकतात. त्यातून तुमचं काम, आवडीनिवडी, आधीच्या विषयाचा गोषवारा असं काही नव्या चॅटमध्ये येऊ शकतं. पण ‘झडप’ ठरवताना ‘व्हॉल्व्ह’ का नाकारला, एवढा तपशील येईल याची खात्री नसते. मला तर मेमरीमुळे उलट जास्त फसगत होताना दिसते. आपलं नाव आणि विषय बरोबर आला की सगळंच लक्षात आहे असं आपण धरून चालतो.

म्हणून पहिली चूक ही: ‘तुला आधीचं आठवतं ना?’ असं विचारणं. या प्रश्नातच होकार दडलेला आहे. त्याऐवजी, ज्याचं उत्तर तुम्हाला माहीत आहे पण या चॅटमध्ये कुठेही लिहिलेलं नाही, असं काहीतरी विचारा. उदाहरणार्थ, ‘सहाव्या भागाचं शेवटचं वाक्य कोणतं?’ चुकीचं वाक्य आलं किंवा गोलमोल उत्तर आलं, की पाटी कोरी आहे असं समजा.

सर्वांत सोपा उपाय बहुतेकजण विसरतात: जुनं चॅट उघडून तिथेच काम पुढे न्यायचं. पण त्यालाही मर्यादा आहे. मॉडेल एका वेळी किती मजकूर वाचू शकतं याचं माप ठरलेलं असतं. चॅट फार लांबलं की सुरुवातीचा भाग त्या मापाबाहेर जातो किंवा त्याचा संक्षेप होतो. म्हणजे पहिल्या संध्याकाळी ठरवलेले शब्द त्याच चॅटमध्येही निसटू शकतात. तसं व्हायला लागलं की मुद्दाम नवं चॅट सुरू करणंच बरं, फक्त हातात शिदोरी घेऊन.

ही शिदोरी बांधताना दोन टोकांच्या चुका होतात. एक, जुनं चॅट आहे तसं सगळं चिकटवणं. त्यात नाकारलेले मसुदे असतात, मध्येच बदललेले निर्णय असतात. माझ्या चॅटमध्ये पहिल्या दिवशी ‘व्हॉल्व्ह’ आठ-दहा वेळा आला होता, मग तो बदलला. सगळं एकत्र दिलं की यातलं अंतिम काय, हे मॉडेलला ओळखावं लागतं, आणि ते चुकू शकतं. दुसरं टोक म्हणजे जुन्या चॅटकडून सारांश मागायचा आणि तेवढाच न्यायचा. ‘सोप्या, स्पष्ट मराठीत अनुवाद’ असं सारांश म्हणतो. ‘दाबा’ की ‘दाबावे’ हे त्यात येत नाही. सारांश मागा जरूर, पण मग स्वतः चॅट वर सरकवून पहिल्या दिवसाचे निर्णय त्यात आले आहेत का ते पाहा.

मी शेवटी नेलं ते एवढंच:

> काम: पंपाच्या माहितीपुस्तिकेचा इंग्रजीतून मराठी अनुवाद. वाचक: पंप बसवणारे आणि वापरणारे. 14 पैकी 6 भाग पूर्ण, आता सातवा.
> नियम: सूचना ‘करा’ रूपात, ‘करावे’ नको. धोक्याची सूचना ‘सावधान:’ ने सुरू. आकडे 1, 2, 3 असेच.
> शब्द: झडप (व्हॉल्व्ह नको), गळती, दाब, मोटर (विद्युत चलित्र नको).
> नमुना: सहाव्या भागातले शेवटचे दोन परिच्छेद, मूळ इंग्रजी आणि अंतिम मराठी.
> काही कळलं नाही तर अंदाज न करता आधी विचार.

यात कंसातले ‘नको’ महत्त्वाचे. नुसता ठरलेला शब्द दिला तरी पर्यायी शब्द अधूनमधून डोकावतो. नाकारलेला शब्द नावानिशी सांगितला की ते बरंच कमी होतं. नमुन्याचंही तसंच आहे. वाक्यांची लांबी, स्वर, विरामचिन्हं हे नियमांत मांडत बसण्यापेक्षा दोन परिच्छेद जास्त सांगून जातात.

नमुना मात्र जुन्या चॅटमधून उचलू नका. तिथे आहे ते चॅटबॉटने दिलेलं रूप. त्यावर तुम्ही नंतर हात फिरवलेला असतो. मी एकदा तीच चूक केली आणि स्वतः दुरुस्त केलेल्या चुका पुन्हा आणल्या. नमुना तुमच्या अंतिम फाइलमधूनच घ्या. जुन्या चॅटला जोडलेल्या फाइलीही पुन्हा जोडा. आणि जुन्या चॅटची नुसती लिंक देऊन भागेल असं धरू नका. ती उघडून वाचता येतेच असं नाही.

नवं काम देण्याआधी एक चाचणी घ्या. नमुन्यात न दिलेला, पण आधीच पूर्ण झालेला एखादा परिच्छेद अनुवादाला द्या. मी तिसऱ्या भागातला झडप बंद करण्याविषयीचा परिच्छेद दिला आणि आलेला मजकूर माझ्या अंतिम मराठीशी ताडून पाहिला. शब्द हुबेहूब जुळणार नाहीत. तोच मजकूर दोनदा दिला तरी उत्तर थोडं वेगळं येतं. पाहायचं ते नियम मोडले का. ‘झडप’ आली, ‘करा’ आलं, पण सूचना ‘सावधान’ ऐवजी ‘इशारा’ म्हणून आली. मग ‘(टीप, इशारा नको)’ एवढं टिपणात वाढवलं, नवं चॅट उघडून पुन्हा तपासलं आणि मगच सातवा भाग दिला.

जुनं चॅट पुसलं गेलं असेल तर? पूर्ण झालेले भाग मुळाशेजारी ठेवून वाचा. नियम त्यातूनच वेचता येतात, वेळ जातो इतकंच. नाकारलेले शब्द मात्र तिथे सापडत नाहीत, ते तुमच्याच आठवणीतून लिहावे लागतात.

सातव्या भागात ‘गॅस्केट’ पहिल्यांदाच आला. तो तसाच ठेवायचं ठरवलं आणि चॅट बंद करण्याआधी माझ्याकडच्या टिपणात शब्दांच्या ओळीत लिहून टाकला.