एचआयव्हीची चाचणी कधी करायची? आधी कॅलेंडरवर खूण करा

धोका वाटला की माणूस घाबरून आठवड्यातच चाचणी करतो. ‘निगेटिव्ह’ पाहून निर्धास्त होतो, पण तो रिपोर्ट तेव्हा काहीच सांगत नसतो.

१. संबंध आला ती तारीख लिहा. समजा, १ मार्च.

२. लॅबला विचारा, चाचणी कोणती? रक्तात आधी विषाणूचा आरएनए सापडतो, मग त्याचं पी२४ नावाचं प्रथिन, म्हणजे अँटिजेन. अँटिबॉडी शरीर स्वतः तयार करतं, म्हणून त्या सगळ्यात उशिरा दिसतात.

३. त्यानुसार दिवस मोजा. आरएनए शोधणाऱ्या नॅट चाचणीला ३३ दिवस, म्हणजे ३ एप्रिल. अँटिजेन आणि अँटिबॉडी दोन्ही शोधणाऱ्या, शिरेतल्या रक्तावरच्या ‘फोर्थ जनरेशन’ चाचणीला ४५, म्हणजे १५ एप्रिल. बोटाच्या थेंबावरच्या रॅपिड चाचणीला पूर्ण ९०, म्हणजे ३० मे. त्या तारखेनंतरचा निगेटिव्हच पक्का धरा. मध्ये पुन्हा धोका घडला तर मोजणी नव्याने. सरकारी आयसीटीसी केंद्रात तपासणी मोफत होते.

मात्र धोका ७२ तासांच्या आतला असेल, तर तारखा मोजत बसू नका. तडक सरकारी रुग्णालयात जाऊन पीईपीच्या, म्हणजे धोक्यानंतर लागण टाळण्यासाठीच्या गोळ्यांबद्दल विचारा. त्या घेतल्या असतील, तर पुढच्या चाचण्यांच्या तारखा डॉक्टरांकडूनच घ्या.