प्लगच्या भोकातून बोअर बघताना: रेघ खरी की उजेडाची?

फोनला लावायचा एंडोस्कोप कॅमेरा आता खानापूरपासून निपाणीपर्यंत कुठल्याही गॅरेजात दिसतो. त्यामुळे इंजिन न खोलता आत बघता येतं हे खरं, पण न झालेलं नुकसानही दिसू लागलंय. मी इथे फक्त मोटरसायकलच्या बोअरबद्दल, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या सिलिंडरच्या आतल्या भिंतीबद्दल लिहितो.

गाडीच्या १० मिलिमीटरच्या प्लगला ५.५ मिलिमीटर जाडीचाच कॅमेरा घ्या. ८ वाला आरशाच्या टोपीसकट आत जात नाही. फोनमध्ये ओटीजी चालू करा, ॲप उघडा, चित्र आलं की झालं. इंजिन थंड असू द्या. या कॅमेऱ्यावर पाणी चालतं असं लिहिलेलं असतं, तापलेल्या इंजिनाबद्दल काही लिहिलेलं नसतं. प्लग काढण्याआधी भोवतीची तांबडी माती हवेनं उडवा, नाहीतर ती थेट आत पडेल. चावी काढून ठेवा. टॉप गिअर टाकून मागचं चाक हातानं फिरवत पिस्टन खाली न्या, आणि त्या वेळी कॅमेरा बाहेर असू द्या. पिस्टन वर आला तर कॅमेरा चेचला जातो.

आता खरी अडचण. या कॅमेऱ्याचा फोकस ठरलेला असतो, तो फिरवता येत नाही. तुमचा कॅमेरा किती अंतरावर नीट बघतो हे आधी टेबलावर शोधा. पेपरातल्या निविदेची बारीक अक्षरं समोर धरा आणि कॅमेरा हळूहळू मागे घ्या. अक्षरं स्वच्छ वाचता आली ते तुमचं अंतर. माझ्या कॅमेऱ्याचं साधारण तीन सेंटिमीटर आहे. १०० सीसीच्या गाडीचा बोअर ५० मिलिमीटरच्या आसपास असतो, म्हणजे जवळच्या भिंतीला टेकवून बघाल तर धूसरच दिसणार. आरशाची टोपी लावायची आणि एका भिंतीजवळ राहून समोरची भिंत बघायची.

ही टोपी नुसती खोचलेली असते. माझी एकदा आत पडली. प्लास्टिकची, त्यामुळे चुंबकाचा काही उपयोग नाही. शेवटी दुसऱ्याच्या गाडीचं हेड माझ्या खर्चानं उतरवलं. तेव्हापासून टोपीच्या बुडाला टेफलॉन टेपचा एक वेढा देतो आणि शिलाईचा दोरा बांधून तो वायरीबरोबर बाहेर ठेवतो. ‘घट्ट बसते की’ म्हणणाऱ्यांची अजून पडलेली नाही, एवढंच.

लाइट पूर्ण वाढवू नका. बोअरची भिंत आरशासारखी चमकते आणि कॅमेऱ्याच्या दिव्यांचे पट्टे उभ्या ओरखड्यांसारखे दिसतात. मी स्वतः यात फसलोय. लाइट पाव भागावर आणा आणि कॅमेरा बोटभर इकडेतिकडे हलवा. उजेडाचा पट्टा कॅमेऱ्याबरोबर सरकतो, ओरखडा भिंतीवर आपल्या जागेवरच राहतो. एकमेकींना तिरक्या छेदणाऱ्या बारीक रेघा दिसल्या तर घाबरू नका, त्या होनिंगच्या. तेल धरून ठेवण्यासाठी मुद्दाम पाडलेल्या असतात, आणि त्या अजून दिसतायत म्हणजे बोअर फारसा झिजलेला नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर जांबोटीकडचे एक अण्णा गाडी घेऊन आले. निळा धूर, म्हणजे आत तेल जळतंय. दुसरीकडे कुणीतरी कॅमेऱ्यानं फोटो काढून दिला होता, त्यात तीन उभ्या पांढऱ्या रेघा. “बोअर गेलंय, पिस्टनसकट बदला म्हणाला, तुम्ही काय म्हणताय?” मी आधी विचारलं, धूर कधी येतो? “सकाळी पहिल्या किकला, आणि चोर्ला घाट उतरून ॲक्सिलेटर दिला की भसकन.” घाट उतरताना ॲक्सिलेटर बंद असतो, आत ओढ वाढते आणि व्हॉल्व्हच्या सीलमधून तेल खाली खेचलं जातं. सील सुकलेलं असलं की धूर असाच वागतो.

मग कॅमेरा घातला. लाइट कमी केल्यावर तीनपैकी दोन रेघा गेल्या, तिसरी कॅमेऱ्याबरोबर सरकू लागली. होनिंगच्या रेघा जागच्या जागी. मग आरसा काढून सरळ पिस्टनचा माथा बघितला. रिंगांतून तेल वर येत असेल तर माथ्याची कड बऱ्याच ठिकाणी ओली किंवा धुतल्यासारखी स्वच्छ दिसते. इथे कडेला कोरडी काजळी, फक्त इनटेक व्हॉल्व्हखाली एक ओला डाग.

तरी मी अण्णांना ‘बोअर चांगलाच आहे’ असं सांगितलं नाही. कॅमेरा रेघ दाखवतो, तिची खोली दाखवत नाही, आणि फोनवर सगळंच मोठं दिसतं. सील बदलायला हेड उतरवावंच लागलं, तेव्हा भिंतीवर आडवं नख फिरवून बघितलं. कुठेही अडकलं नाही. नवीन सील घातले, पिस्टन तोच ठेवला.