पिक्सेल शिफ्टच्या फोटोत जाळी का येते? या चुका टाळा

दर महिन्या-दोन महिन्यांनी कोणी ना कोणी मला पिक्सेल शिफ्टच्या फोटोचा एक तुकडा कापून पाठवतं. अक्षरांच्या काठाला कंगव्यासारखे दात, कापडाच्या विणीवर बारीक जाळी आणि सोबत एकच प्रश्न: सेन्सर बिघडला का? सेन्सर ठणठणीत असतो. काहीतरी हललेलं असतं आणि ते इतकं थोडं असतं की काढणाऱ्याला पत्ताच लागत नाही.

किती थोडं, ते आधी बघू. सेन्सरच्या प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकाच रंगाचा फिल्टर असतो. बाकीचे दोन रंग कॅमेरा शेजारच्या पिक्सेलांवरून अंदाजाने भरतो. पिक्सेल शिफ्टमध्ये सेन्सर एकेक पिक्सेल सरकवून चार फ्रेम घेतल्या जातात आणि नंतर जोडून त्यांचा एकच फोटो केला जातो, त्यामुळे प्रत्येक जागी तिन्ही रंग खरोखर मोजले जातात. १६ फ्रेमच्या प्रकारात सेन्सर अर्धा-अर्धा पिक्सेलही सरकतो आणि फोटोची लांबी-रुंदी दुप्पट होते. सोनीच्या ए७आर ४ वर ६१ मेगापिक्सेलचे असे २४० होतात. त्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा, म्हणजे अर्धा पिक्सेल दोन मायक्रॉनहूनही लहान. सोळाही फ्रेम होईपर्यंत सेन्सरवर पडलेली प्रतिमा एवढीसुद्धा हलून चालत नाही. १०० मिलिमीटरच्या लेन्सने दहा मीटरवरची भिंत टिपत असाल, तर भिंतीवर हे अंतर जेमतेम ०.२ मिलिमीटर भरतं.

म्हणून पहिली आणि सगळ्यात मोठी चूक: ट्रायपॉड लावला म्हणजे कॅमेरा स्थिर झाला असं समजणं.

हे मी स्वतः एक अख्खी संध्याकाळ घालवून शिकलो. हाताने काढलेला एक जुना नकाशा टिपायचा होता, साधारण ९० सेंटिमीटर रुंद, गावांची नावं मुंगीएवढी. नकाशा उभ्या फळीवर लावलेला, समोर कॅमेरा, दोन्ही बाजूंना दिवे. शटर पाव सेकंद आणि दोन फ्रेममध्ये एक सेकंद, म्हणजे १६ फ्रेमना वीसएक सेकंद. या मापाला नकाशावरचा अर्धा पिक्सेल म्हणजे सुमारे ०.०५ मिलिमीटर. फ्रेम जोडल्या तर नकाशाभर जाळी. मी आधी सॉफ्टवेअरवर संशय घेतला, मग लेन्स बदलली, मग ट्रायपॉडचे सगळे स्क्रू पुन्हा आवळले. जाळी तशीच.

शेवटी लाइव्ह व्ह्यू सर्वांत जास्त मोठा करून एका अक्षरावर लावला आणि कंटाळून मागे वळलो. पाऊल टाकताच स्क्रीनवरचं अक्षर उडालं. खोली वरच्या मजल्यावर होती आणि जमीन लाकडी. फ्रेम चालू असताना मी मागे येरझाऱ्या घालत होतो आणि माझा मदतनीस खुर्चीत चुळबुळत होता. पुढच्या वेळी टायमर लावून आम्ही दोघंही दाराबाहेर जाऊन उभे राहिलो. जाळी गेली. राहिली फक्त वरच्या उजव्या कोपऱ्यात. तिथला कागद दिव्याच्या उष्णतेने हळूहळू वळत होता. दिवे मागे सरकवले, कागद अर्धा तास तसाच राहू दिला आणि मग काढलेला १६ फ्रेमचा संच स्वच्छ आला.

त्या दिवसापासून जाळी दिसली की मी आधी ती कुठे आहे ते बघतो. फोटोभर सगळ्या कडांवर असेल तर कॅमेरा हललाय. एकाच भागात असेल तर समोरची वस्तू. यंत्राला दोष देण्याआधी एवढं तरी बघावं. लोक बघत नाहीत आणि थेट दुसरा ट्रायपॉड विकत घ्यायला धावतात, याचं मला फार वाईट वाटतं.

माझी सवय अशी: ट्रायपॉडचा मधला दांडा पूर्ण खाली, पायांचे सर्वांत बारीक भाग आतच, कॅमेऱ्याचा पट्टा काढून ठेवलेला, लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद, फोकस मॅन्युअलवर. मग लाइव्ह व्ह्यू मोठा करून पंधरा सेकंद नुसतं बघत राहायचं. अक्षर थरथरलं तर बटण दाबायचंच नाही. नवीन माणसाला ही पंधरा सेकंदं जड जातात. तो दोन सेकंदांचा टायमर लावून मोकळा होतो आणि पुढे फ्रेम जोडण्यात तास घालवतो.

दुसरी चूक प्रकाशाची, आणि तिला लोक चूक मानतच नाहीत. काहीही हललं नाही, पण फ्रेमागणिक उजेड कमी-जास्त झाला, तरी जाळी येते. ही जाळी ओळखता येते. हालचालीची जाळी कडांवर आणि पोतावर दिसते, कोऱ्या भिंतीवर नाही. उजेडाची जाळी कोऱ्या, सपाट भागातही पसरते. स्वस्त एलईडी दिवे ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, आणि पिक्सेल शिफ्ट बहुधा इलेक्ट्रॉनिक शटरवर चालतं, त्यामुळे पट्टेही उमटतात. शटर १/१००, १/५० किंवा १/२५ ठेवलं की प्रत्येक फ्रेमला सारखाच उजेड मिळतो. बाहेर ढग पळत असतील तर दोन फ्रेममधलं अंतर कमीत कमी ठेवा. खोलीत मात्र मी एक सेकंद देतो, मागची थरथर बसावी म्हणून.

निसर्गचित्र काढणाऱ्यांची तक्रार वेगळी असते: इमारत सुरेख आली, पण झाडाची पानं चिंध्या झाली. पानं हलणारच. काही कॅमेऱ्यांत हालचाल ओळखून त्या भागात एकाच फ्रेमची माहिती वापरण्याची सोय असते, पण तिथे तपशील एका साध्या फोटोएवढाच उरतो. मी ते काम हाताने करतो. जोडलेला फोटो खाली ठेवतो, संचातली एक सुटी फ्रेम लांबी-रुंदी दुप्पट करून वर ठेवतो आणि मास्कने फक्त पानं, पाणी आणि माणसं त्या सुट्या फ्रेममधून घेतो. उन्हात तापलेल्या रस्त्यावरून लांबचं टिपताना हवाच लहरते. तिथे हाही उपाय चालत नाही, पहाटे जावं लागतं.

एफ/१६ वर पिक्सेल शिफ्ट करू नका. लेन्सचं छिद्र इतकं लहान झालं की प्रकाश पसरतो, या डिफ्रॅक्शनमुळे प्रकाशाचा ठिपका तिथे २१ मायक्रॉनचा होतो आणि नव्या फोटोतल्या दहाहून जास्त पिक्सेलांवर पसरतो, म्हणजे मिळवलेला तपशील तिथेच गमावता. मी एफ/५.६ च्या आसपास राहतो.

कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर बघून संच पास करू नका. जाळी तिथे दिसत नाही. महत्त्वाचं काम असेल तर एकाच जागेवरून तीन संच काढा.

हातात धरून हाय रेझोल्यूशन काढणारे कॅमेरे आहेत ना, मग ट्रायपॉड कशाला, असंही विचारतात. ते तंत्र वेगळं आहे. ऑलिंपसच्या ई-एम१एक्समध्ये हाताच्या कंपानेच फ्रेम एकमेकींपासून सरकतात आणि कॅमेरा त्या जुळवून घेतो. त्यातून ५० मेगापिक्सेल मिळतात. त्याच कॅमेऱ्यात ट्रायपॉडवर ८०.

आणि जोडलेला फोटो छान आला म्हणून सुट्या फ्रेम पुसू नका. दोन महिन्यांनी मोठा प्रिंट काढताना कोपऱ्यात जाळी दिसते, तेव्हा दुरुस्तीला त्याच लागतात.