पीएफच्या पासबुकात मालकाचा हिस्सा कमी का, आणि व्याज कसे ताडून पाहावे

पासबुक पहिल्यांदा उघडणारे बरेच जण विचारतात, ‘माझे १,८०० कापले, मग कंपनीने ५५०च का भरले?’ कंपनीनेही १,८०० भरलेले असतात, पण ते दोन ठिकाणी जातात.

मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,००० रुपये धरू. बारा टक्क्यांनी तुमचे १,८०० कापले जातात आणि ते सगळे Employee Share या रकान्यात जमा होतात. कंपनीच्या १,८०० मधून पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे १,२५०, पेन्शन योजनेत जातात. उरलेले ५५० Employer Share मध्ये दिसतात. पेन्शनच्या रकान्यावर व्याज चढत नाही, म्हणून हिशेब करताना तो बाजूला ठेवा.

आता व्याज. १ एप्रिल २०२४ रोजी तुमच्या हिश्श्यात १,००,००० आणि मालकाच्या हिश्श्यात ३०,००० शिल्लक होती असे समजा. २०२४-२५ चा दर ८.२५ टक्के होता. आधीच्या शिल्लकीवर पूर्ण वर्षाचे व्याज मिळते: ८,२५० आणि २,४७५.

खरी चूक होते ती वर्षभरातल्या भरण्यांवर. जमा झालेल्या रकमेवर पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून व्याज सुरू होते. एप्रिलमध्ये जमा झालेल्या पैशाला अकरा महिने मिळतात, मेमधल्याला दहा, आणि मार्चमधल्याला त्या वर्षी काहीच नाही. हे महिने मिळवले की ६६ होतात. दरमहा सारखीच रक्कम जमा होत असेल, तर एवढे एक सूत्र पुरते:

```
1800 × 66 × 8.25 ÷ 1200 = 816.75
550 × 66 × 8.25 ÷ 1200 = 249.56
```

म्हणजे तुमच्या हिश्श्याचे व्याज ९,०६७ आणि मालकाच्या हिश्श्याचे २,७२५, जवळच्या पूर्ण रुपयात. वर्षात मधेच पैसे काढले असतील किंवा पगार वाढला असेल, तर मात्र प्रत्येक महिना वेगळा मांडावा लागतो.

व्याज महिन्याच्या शिलकीवर मोजतात, पण खात्यात चढवतात वर्षाअखेरीस, एकदाच. त्या वर्षाचा दर सरकारने अधिसूचित केल्यावरच नोंद होते, त्यामुळे ३१ मार्च उलटून काही महिने गेले तरी ती दिसत नाही. तेवढ्याने घाबरू नका. नोंद उशिरा आली तरी ती ३१ मार्चचीच धरली जाते आणि १ एप्रिलपासून त्या व्याजावरही व्याज चालू असते.

काळजी करायची ती वेगळ्या गोष्टीची. पगारपत्रकात कपात दिसते, पण पासबुकात त्या महिन्याची ओळच नाही, असे तर नाही ना? कंपनीने पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरणा करायचा असतो. म्हणून महिनाअखेरीस `passbook.epfindia.gov.in` वर यूएएन टाकून दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा. ओळ नसेल तर आधी कंपनीला लेखी विचारा. तरीही भरणा झाला नाही, तर पगारपत्रके जोडून `epfigms.gov.in` वर तक्रार नोंदवा.