रेशो नॉर्मल दिसला की लगेच रिस्ट्रिक्टिव्ह लिहू नका, आधी फुंकणं कुठे थांबलं ते बघा

स्पायरोमेट्री वाचायला शिकणाऱ्यांसाठी लिहितेय. एफव्हीसी म्हणजे पूर्ण श्वास भरून जोरात फुंकलेली सगळी हवा, एफईव्ही१ म्हणजे त्यातली पहिल्या सेकंदात बाहेर आलेली, आणि एफईव्ही१ भागिले एफव्हीसी म्हणजे रेशो, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते. रेशो कमी तर ऑब्स्ट्रक्टिव्ह, रेशो नॉर्मल पण एफव्हीसी कमी तर रिस्ट्रिक्टिव्ह, हेही पाठ असेलच. मलाही पाठ होतं, आणि तेवढ्यावरच मी एका माणसाचा रिपोर्ट साफ चुकीचा लिहिला. त्या चुकीबद्दलच जरा जास्त लिहिणार आहे कारण ती अजून सलते.

५८ वर्षांचे एक काका होते. बरीच वर्षं सिगारेट ओढलेली, आता सोडलेली, जिना चढताना धाप लागायची. त्यांच्या रिपोर्टवर एफव्हीसी २.१० लिटर होती, अपेक्षित ३.६० च्या ५८ टक्के. एफईव्ही१ १.६० लिटर, अपेक्षित २.८० च्या ५७ टक्के. रेशो ०.७६. दोन्ही आकडे सारख्याच प्रमाणात कमी, रेशो ठीक, मशीननेही खाली रिस्ट्रिक्शन असं छापलेलं. मी तेच लिहून टाकलं, वर फुफ्फुसं आकसली असण्याची शक्यता आहे असंही काकांना सांगून बसले. त्यांचा चेहरा उतरला तो अजून आठवतो.

संध्याकाळी आमच्या सीनियर मॅडमनी तो कागद हातात घेतला, आकड्यांकडे बघितलंसुद्धा नाही, ग्राफवर बोट ठेवून एकच विचारलं, "किती सेकंद फुंकलं यांनी?" मी बघितलंच नव्हतं. कोपऱ्यात बारीक अक्षरात होतं, २.८ सेकंद.

आता हे नीट समजून घ्या. ऑब्स्ट्रक्शनमध्ये श्वासनलिका अरुंद झालेल्या असतात, शिवाय जोरात फुंकलं की छातीतल्या दाबाने त्या अजून दबतात. त्यामुळे सुरुवातीची हवा येते आणि नंतरची हवा अगदी झिरपत झिरपत येते, दहा सेकंद, कधी त्याहून जास्त. काकांनी २.८ सेकंदाला दम सोडला. म्हणजे काय झालं? एफईव्ही१ पहिल्या सेकंदातच मोजून झालेली, तिला धक्का लागला नाही. पण एफव्हीसी मात्र अर्धवट राहिली, कारण ती सावकाश येणारी हवा आतच राहिली. भागाकारात वरचा आकडा तोच आणि खालचा लहान, म्हणून रेशो वाढला आणि ऑब्स्ट्रक्शन झाकलं गेलं. आणि वाईट भाग असा की ज्याचं ऑब्स्ट्रक्शन जास्त त्याची हवा जास्त हळू, म्हणून तोच लवकर दमतो, म्हणजे ज्यांचा आजार पकडायलाच हवा त्यांच्याच बाबतीत ही चूक सगळ्यात सहज होते.

आकड्यांतून हे कळत नाही, ग्राफवरून कळतं. व्हॉल्यूम-टाइम ग्राफमध्ये रेघ वर चढते आणि शेवटी आडवी, सपाट व्हायला हवी. काकांची रेघ चढत असतानाच तुटली होती. फ्लो-व्हॉल्यूम ग्राफमध्ये शेवटाला रेघ हळूहळू खालच्या अक्षाला टेकायला हवी, यांची उभ्या कड्यासारखी खाली कोसळली होती. नियम सांगायचा तर शेवटच्या पूर्ण एका सेकंदात २५ मिलिलिटरपेक्षा कमी हवा आली तर सपाटी आली असं धरतात, किंवा मग १५ सेकंद फुंकून झालेलं असावं. निदान सहा सेकंद फुंकलं पाहिजे हा जुना नियम अजून बऱ्याच जणांच्या तोंडी आहे, पण नुसते सेकंद मोजून काम होत नाही, ते का ते पुढे सांगते.

दुसऱ्या दिवशी काकांना परत बोलावलं. ताठ बसवलं, पाय जमिनीवर, नाकाला क्लिप, आणि या वेळी मॅडम स्वतः शेजारी उभ्या. "काका, पूर्ण भरा, अजून भरा, आणि आता सोडा! फुंका, फुंका, फुंका, थांबू नका, अजून आहे आत, फुंका..." काकांना वाटत होतं संपलं, पण स्क्रीनवर रेघ चढतच होती. अकरा सेकंदांनी सपाट झाली. एफव्हीसी २.७५ लिटर, एफईव्ही१ १.६२. पुढच्या प्रयत्नात २.६८ आणि १.५८. दोन सगळ्यात चांगल्या प्रयत्नांत १५० मिलिलिटरपेक्षा जास्त फरक नको, तो नव्हता, म्हणजे भरवसा ठेवता येईल. रेशो काढा, १.६२ भागिले २.७५, ०.५९. एफईव्ही१ मध्ये नगण्य फरक, पण एफव्हीसी ६५० मिलिलिटरने वाढली आणि निदानच उलटं झालं. फ्लो-व्हॉल्यूम ग्राफचा उतार आता आत खचलेला दिसत होता, दोरीला झोळ पडावा तसा. ऑब्स्ट्रक्शनचा चेहरा तो हाच.

इथे हुश्श करू नका, कारण दुसरा खड्डा लगेच पुढे आहे. एफव्हीसी ७६ टक्के, म्हणजे अजून थोडी कमीच, म्हणून मशीनने आता मिक्स्ड छापलं. ऑब्स्ट्रक्शन पण आणि रिस्ट्रिक्शन पण. खूप जण हे तसंच उतरवतात.

पण स्पायरोमीटर फक्त बाहेर आलेली हवा मोजतं. सगळं फुंकून झाल्यावर आत जी उरते, रेसिड्युअल व्हॉल्यूम, ती त्याला दिसतच नाही. आणि रिस्ट्रिक्शनचा खरा अर्थ फुफ्फुसाची एकूण क्षमता, टीएलसी, कमी होणं हा आहे. टीएलसी म्हणजे फुंकलेली अधिक उरलेली. उरलेली माहीत नाही तर बेरीज कुठून आणणार? ऑब्स्ट्रक्शनमध्ये हवा आत अडकते, उरलेली वाढते, आणि तिने जागा खाल्ली म्हणून फुंकता येणारी कमी होते. डबा तेवढाच आहे, फक्त त्यातलं बाहेर ओतता येत नाही.

काकांची बॉडी प्लेथिस्मोग्राफी केली, म्हणजे त्या काचेच्या बंद केबिनमध्ये बसवून. टीएलसी ६.३५ लिटर आली, अपेक्षित ५.९० होती. उरलेली हवा ३.६० लिटर, अपेक्षित २.३०. एकूण क्षमता कमी तर नाहीच, उलट थोडी जास्त. रिस्ट्रिक्शन अजिबात नाही, मिक्स्डही नाही, निव्वळ ऑब्स्ट्रक्शन आणि अडकलेली हवा. जिथे हे केबिन नसतं तिथे हीलियम वापरून टीएलसी मोजतात, पण जास्त ऑब्स्ट्रक्शन असेल तर अडकलेल्या हवेपर्यंत हीलियम नीट पोचत नाही आणि टीएलसी खोटी कमी येते, म्हणजे परत तीच फसगत. टीएलसी कुठल्या पद्धतीने काढली ते विचारल्याशिवाय तिच्यावर विसंबू नका.

मग खरं रिस्ट्रिक्शन कसं दिसतं? त्याच महिन्यात एक मावशी आल्या होत्या, फुफ्फुसांत फायब्रोसिस झालेल्या. एफव्हीसी १.७० लिटर, अपेक्षित २.८० च्या ६१ टक्के. एफईव्ही१ १.५०. रेशो ०.८८. त्यांनीही जेमतेम तीन सेकंदच फुंकलं, आणि मी आधीच्या धक्क्यातून सावरलेली नसल्याने लगेच म्हणाले की मॅडम, हाही प्रयत्न अर्धवट आहे. नव्हता. त्यांची रेघ दोन सेकंदांतच सपाट झालेली आणि पुढचा एक सेकंद सपाटच राहिलेली. ताठर झालेलं फुफ्फुस ताणलेल्या स्प्रिंगसारखं जोरात आक्रसतं, आजूबाजूच्या ऊतींच्या ओढीने नलिका उघड्या राहतात, म्हणून हवा कमी असली तरी झटकन बाहेर पडते. म्हणून रेशो नॉर्मल किंवा त्याच्याही वर. फ्लो-व्हॉल्यूम ग्राफ उंचीला बऱ्यापैकी, रुंदीला अगदी चिंचोळा, उतार सरळ, कुठेही खचलेला नाही. टीएलसी २.९० लिटर, अपेक्षित ४.६० होती. म्हणजे इथे डबाच लहान झालेला.

काकांचे २.८ सेकंद आणि मावशींचे तीन, सेकंद जवळजवळ सारखेच. फरक एवढाच की एकाची रेघ तुटली आणि दुसरीची पोचली. म्हणून म्हटलं सेकंद मोजून काम होत नाही.

अजून एक छोटी गोष्ट. श्वास मुळात पूर्ण भरलाच नाही तरी एफव्हीसी आणि एफईव्ही१ दोन्ही कमी येतात आणि रेशो नॉर्मल दिसतो. मात्र तिथे प्रत्येक प्रयत्नात आकडे वेगळे येतात, कारण अर्धवट श्वास दर वेळी सारखाच अर्धवट भरणं अवघड असतं. जमलं तर सावकाश फुंकवून व्हायटल कपॅसिटी पण घ्या. जोर न लावता हवा कमी अडकते, त्यामुळे ऑब्स्ट्रक्शनमध्ये ती एफव्हीसीपेक्षा बरीच मोठी निघते, आणि तेवढ्यावरूनच शंका यायला हवी.

माझं स्पष्ट मत, मोबाइलमधले ते बाणांचे तक्ते पहिले काही महिने उघडूच नका. तक्ता रेशोपासून सुरू होतो, आणि तो रेशो विश्वास ठेवण्याजोगा आहे का हे तक्ता विचारत नाही. मॅडमनी मला महिनाभर आकड्यांवर कागद ठेवून फक्त ग्राफ वाचायला लावले, मला तेव्हा राग यायचा. शिकवणारा माणूस निवडता येत असेल तर जो पेशंटशेजारी उभा राहून फुंकवतो तो निवडा, जो फक्त टेबलावर छापील रिपोर्ट तपासतो तो नको. चूक कागदावर होत नाही, त्या नळीपाशी होते.

आणि हे एकदम येत नाही, त्याचं टेन्शन घेऊ नका. वीस-पंचवीस ग्राफ मन लावून बघितले की तुटलेला शेवट डोळ्याला आपोआप खटकायला लागतो.

आता रेशो नॉर्मल आणि एफव्हीसी कमी असेल तर मी रिस्ट्रिक्टिव्ह हा शब्द एकटा लिहीत नाही. फुंकणं पूर्ण झालं होतं की नाही ते आधी लिहिते, मग "एफव्हीसी कमी, रिस्ट्रिक्शनची शक्यता, टीएलसी करून खात्री करावी" एवढंच. काकांच्या जुन्या रिपोर्टवर रेघ मारून नवा लिहिला, आणि मॅडम म्हणाल्या की त्यांना आकसल्याचं तूच सांगितलंस, तर नव्हतं हेही तूच सांग. मी गेले. काकांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली, मग नळ्यांचं औषध कसं ओढायचं ते दाखव म्हणाले.