सरळव्याज चक्रवाढीपेक्षा जास्त आलं, तिथे चूक सापडली

गणित असं: रावेरच्या केळीबागायतदाराने ठिबकसाठी 20,000 रुपये घेतले, दर द.सा.द.शे. 12, मुदत 1 वर्ष 6 महिने. सरळव्याज आणि सहामाही चक्रवाढव्याज काढा.

मी सरळव्याजाला I = P×R×N/100 लावलं. N = 1.6 धरून उत्तर आलं 3,840. चक्रवाढीला A = P(1+R/100)^N वापरलं. व्याज दर सहा महिन्यांनी मुद्दलात मिसळतं, म्हणून दर निम्मा, 6, आणि कालखंड 3. रास 23,820.32, व्याज 3,820.32.

इथेच खटकलं. दर तोच, मुदत तीच, मग चक्रवाढ कमी कशी? चूक 1.6 मध्ये होती. दशांशचिन्हानंतरचा 6 म्हणजे सहा दशांश वर्ष, म्हणजे 7.2 महिने. सहा महिने म्हणजे 6/12, म्हणून N = 1.5 आणि सरळव्याज 3,600. आता महिने दिसले की आधी 18/12 असा अपूर्णांकच लिहितो.

सूत्र निवडताना ‘व्याज मुद्दलात कधी मिळवायचं’ एवढंच शोधायचं. तसा उल्लेख नसेल आणि नुसतं ‘चक्रवाढ’ म्हटलं असेल, तर वर्षातून एकदा.

आणि ‘दरमहा शेकडा 2’ असेल तर N वर्षांत नाही, महिन्यांत: 18. गावात नुसतं ‘दोन टक्क्याने’ म्हणतात तेही बहुधा महिन्याचंच असतं.